चाळीस आणि साठ मिळून ऐंशीच का, आणि हे सगळं जुळतं तरी कुठं

रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, त्याचं पुस्तकातलं चित्र बघितलं की कुणालाही वाटतंय की ही एक गोळी आहे, वर मोठा भाग, खाली छोटा भाग, दोन्ही कायमचे चिकटलेले. पोरं तेच चित्र काढतात, खाली लिहितात ७०एस बॅक्टेरियात, ८०एस आपल्यात, दोन मार्क घेतात आणि पुढं जातात. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बारावी आणि बीएस्सीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो, तिथं दरवर्षी हेच होतंय. आणि मग "फ्री रायबोसोम आणि बाउंड रायबोसोम यात फरक सांगा" असा प्रश्न आला की पोरं, पेशीत सुटे असलेले आणि पडद्याला चिकटलेले अशा दोन वेगळ्या जातींसारखा तक्ता काढतात. त्यांचा दोष नाही म्हणा, पुस्तकच तसं लिहितंय. पण खरं म्हणजे रायबोसोमचे दोन भाग काम नसताना एकमेकांपासून लांब असतात, पेशी मुद्दाम त्यांना लांब ठेवते, आणि ही एक गोष्ट नीट कळली तर न्यूक्लिओलस, फ्री-बाउंड, ७०एस-८०एस हे सगळं एकाच दोरीत ओवलं जातंय.

आधी तो आकड्यांचा घोळ मिटवू, कारण दरवर्षी कोण ना कोण विचारतंयच, "सर, ४० आणि ६० म्हणजे १०० झाले की, ८० कसे?" यातला एस म्हणजे वजन नव्हे. हे स्वेडबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावानं आहे, ज्यानं अल्ट्रासेंट्रिफ्यूज बनवलं आणि ज्याला १९२६ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. भयंकर वेगानं फिरणाऱ्या नळीत एखादा कण किती भराभर तळाला जातो, ते हा आकडा सांगतो. आता तळाला जाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, कण किती जड आहे आणि त्याला पाण्याचा विरोध किती होतोय. दोन भाग जोडले की वजनाची सरळ बेरीज होते, त्यात काही गडबड नाही. पण दोघांचे आतले पृष्ठभाग एकमेकांवर बसून झाकले जातात, म्हणजे विरोधही वाढतो पण दोघांच्या बेरजेएवढा नाही, आणि वजन भागिले विरोध असा जो आकडा निघतो तो साध्या बेरजेत कधीच बसत नाही. म्हणून बॅक्टेरियात ३० आणि ५० मिळून ७०, आपल्यात ४० आणि ६० मिळून ८०. वजनात बोलायचं तर बॅक्टेरियाचा पूर्ण रायबोसोम साधारण २५ लाख डाल्टनचा, आणि माणसाचा त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त, ४० लाखांच्या वर.

आत काय असतंय? आरएनए आणि प्रोटीन. पण यात मालक आरएनए आहे. ई. कोलायच्या छोट्या सबयुनिटमध्ये १६एस नावाचा एक आरएनए आहे, १५४२ अक्षरांचा, आणि सोबत २१ प्रोटीनं. मोठ्यात २३एस आणि ५एस असे दोन आरएनए आणि तिसाच्या वर प्रोटीनं. माणसात छोट्यात १८एस, मोठ्यात २८एस, ५.८एस आणि ५एस, आणि दोन्ही भागांत मिळून ८० प्रोटीनं. एवढं लक्षात ठेवलं तरी भरपूर झालं. कामाची वाटणी मात्र दोन्हीकडं सारखीच आहे, छोटं सबयुनिट संदेश वाचतंय, म्हणजे एमआरएनएवरची तीन अक्षरं आणि टीआरएनएची तीन अक्षरं बरोबर जुळतायत का ते बघतंय, आणि मोठं सबयुनिट अमिनो आम्लं एकमेकांना जोडतंय. २००० साली या सबयुनिटांची बारीक रचना एक्स-रेनं दिसली तेव्हा लोकांना कळलं की जिथं प्रत्यक्ष जोडणी होते त्या जागेच्या आसपास प्रोटीन जवळजवळ नाहीच, जोडणीचं काम आरएनएच करतंय. या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना. यातले रामकृष्णन चिदंबरमला जन्मले, बडोद्याला फिजिक्स शिकले, बायोलॉजीत नंतर आले. आमच्या पोरांना हे सांगितलं की जरा कान टवकारतात.

आता खरी मजा, हे बनतं कुठं.

आपल्या पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो, तोच न्यूक्लिओलस. कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रॅक्टिकल सगळ्यांनी केलेलं असतंय, त्यात सगळे विभाजनाच्या अवस्था शोधत बसतात आणि शांत बसलेल्या पेशी सोडून देतात, पण न्यूक्लिओलस बघायचा तर त्याच पेशीत बघायचा. विभाजन सुरू झालं की तो विरघळतो आणि दोन नवी केंद्रकं तयार झाली की परत उगवतो. त्याच्याभोवती पडदा नाही. मग तो एकत्र कसा राहतो? तिथं चालू असलेल्या कामामुळं. आरएनए बनत राहतो, त्याला शेकडो प्रोटीनं चिकटत राहतात आणि ते सगळं मिळून थेंबासारखं गोळा होऊन बसतंय. विभाजनाच्या वेळी ते काम थांबतं, म्हणून थेंबही राहत नाही.

काम काय चालतं ते उद्यमनगरातल्या फाउंड्रीवरनं चांगलं कळतंय. भट्टीतनं माल साच्यात ओतला की कास्टिंग जसं बाहेर येतं त्यात नुसता पार्ट नसतो, रनर असतो, रायझर असतो, ते सगळं एकाच तुकड्यात. मग फेटलिंगवाला ते जादाचं कापून काढतो, घासतो, आणि मग पार्ट पुढं जातो. न्यूक्लिओलसमध्ये अगदी असंच चालतंय. माणसात १८एस, ५.८एस आणि २८एस हे तिन्ही आरएनए वेगवेगळे बनत नाहीत, एकाच लांब तुकड्यात बनतात, साधारण १३,००० अक्षरांचा तुकडा, त्याला ४७एस म्हणतात. तिन्ही कामाचे भाग मिळून जेमतेम ७,१०० अक्षरं होतात. म्हणजे जवळजवळ अर्धा माल कापून टाकायचा. पण जसा रायझर नसला तर कास्टिंग आतनं पोकळ राहतं, तसंच ते जादाचे भागही उगाच नाहीत, कापले जाईपर्यंत आरएनएला नीट घडी पडायला ते मदत करतात.

हा लांब तुकडा लिहिणारं एन्झाइम म्हणजे आरएनए पॉलिमरेज-१. ज्या जीन्सवरनं तो लिहिला जातो त्यांच्या शेकडो कॉपी आपल्यात आहेत, १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच क्रोमोसोमच्या आखूड टोकांना, एकापाठोपाठ एक. एका जागी एवढ्या कॉपी का, तर एमआरएनएसारखी सोय इथं नाही. एका एमआरएनएवरनं हजारो प्रोटीनं काढता येतात, पण इथं आरएनए हाच शेवटचा माल आहे, प्रत्येक रायबोसोमला स्वतःचा एक तुकडा लागणारच. यीस्टची एक पेशी भरभर वाढत असली की मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम बनवते, त्यावरनं अंदाज करा.

तुकडा लिहिला जात असतानाच कामगार चिकटायला लागतात. छोटे मार्गदर्शक आरएनए येतात, प्रत्येकजण लांब तुकड्यावरची आपली ठरलेली जागा शोधतो आणि तिथलं अक्षर थोडं बदलायला लावतो, कुठं मिथाइल गट लाव, कुठं युरिडीन फिरवून स्यूडोयुरिडीन कर, अशा दोनशेच्या आसपास दुरुस्त्या होतात. मग पहिले काप पडतात आणि छोट्या सबयुनिटचा भाग मोठ्याच्या भागापासून सुटतो. इथनं पुढं दोघांचे रस्ते वेगळे. हे फार महत्त्वाचं आहे बघा, जन्माच्या जागीच दोघं वेगळे होतात आणि नंतर बाहेर भेटतात ते कुठल्याही जोडीदाराला, लहानपणीच्या जोडीदाराला नव्हे.

दोन गोष्टी मात्र न्यूक्लिओलसमध्ये बनत नाहीत, बाहेरनं येतात. एक तो ५एस आरएनए, तो न्यूक्लिओलसच्या बाहेर, माणसात क्रोमोसोम १ वरनं, दुसऱ्याच एन्झाइमनं लिहिला जातो. परीक्षेत ऑब्जेक्टिव्हला हमखास पडणारा प्रश्न हाच. दुसरी म्हणजे ८० च्या ८० प्रोटीनं. त्यांचे संदेश केंद्रकाबाहेर जातात, सायटोप्लाझममध्ये आधीचे रायबोसोम ती प्रोटीनं बनवतात, आणि त्यातली बहुतेक प्रोटीनं उलटी केंद्रकात, तिथनं न्यूक्लिओलसमध्ये येतात. म्हणजे नवा रायबोसोम बनवायला जुना रायबोसोम लागतोच. म्हणूनच अंड्यातनं आईचे रायबोसोम पिल्लाला मिळतात, आणि इथंच ती बेडकांची गोष्ट येते.

झेनोपस नावाचा आफ्रिकेतला बेडूक प्रयोगशाळेत फार वापरतात. त्याच्या साध्या पेशीत दोन न्यूक्लिओलस असतात, आईकडच्या क्रोमोसोमचा एक आणि बापाकडच्याचा एक. १९५८ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये काही बेडकांच्या पेशीत एकच न्यूक्लिओलस सापडला. असे दोन एकवाले बेडूक जुळवले तर पिल्लं मेंडेलच्या हिशेबानं पडली, चौथा हिस्सा दोनवाली, अर्धी एकवाली, आणि चौथा हिस्सा बिनन्यूक्लिओलसवाली. आता तुम्हाला काय वाटतं, ही शेवटची पिल्लं अंड्यातच मेली असतील? नाही. ती वाढली, त्यांना डोकं आलं, शेपूट आलं, अंड्यातनं बाहेर पडली, पोहायलाही लागली. आणि मग खायला लागायच्या आधी मेली, सगळीच.

१९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी ही पिल्लं घेतली. किरणोत्सारी खूण दिली, म्हणजे त्यानंतर जो काही नवा आरएनए बनेल त्यावर ती खूण पडेल. मग आरएनए काढून साखरेच्या द्रावणात, वर पातळ आणि खाली घट्ट अशा नळीत, सेंट्रिफ्यूजला लावला. साध्या पिल्लांत २८एस आणि १८एसच्या जागी खूण असलेले दोन स्पष्ट उंचवटे आले. बिनन्यूक्लिओलसवाल्यांत त्या जागी जुना, बिनखुणेचा आरएनए होता, पण नवा काहीच नाही. दुसरे आरएनए, जसं टीआरएनए, ते मात्र नवे बनत होते. म्हणजे पिल्लू अर्धमेलं होतं म्हणून काहीच बनत नव्हतं असं म्हणायला जागा उरली नाही, नेमका रायबोसोमचाच आरएनए बंद होता. मग एवढे दिवस ती जगली कशावर? आईनं अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमवर. आई एकवाली होती, तिचं काम नीट चालू होतं, अंड्यात तिनं प्रचंड साठा ठेवलेला, तो पिल्लाला शेपूट फुटेपर्यंत पुरला. पुढं १९६६ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की या पिल्लांत त्या आरएनएच्या जीन्सच गायब आहेत. जीन्स नाहीत म्हणून आरएनए नाही, आरएनए नाही म्हणून न्यूक्लिओलस नाही.

मला या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती एकवाल्या बेडकांची. त्यांच्यात जीन्स निम्म्याच, पण रायबोसोमचा आरएनए पूर्ण बनत होता. म्हणजे साध्या बेडकात सगळ्या कॉपी पूर्ण ताकदीनं चालू नसतात, गरज पडली की पेशी काम वाढवते. हेच उलट दिशेनं कॅन्सरमध्ये दिसतंय, भरभर वाढणाऱ्या पेशीला रायबोसोम जास्त लागतात, न्यूक्लिओलस फुगतो. किडनीच्या एका प्रकारच्या कॅन्सरची ग्रेड तर पॅथॉलॉजिस्ट बरीचशी यावरनं ठरवतात की न्यूक्लिओलस दहाच्या लेन्सखाली दिसतोय की चाळीसच्या लेन्सवर गेल्यावर.

बॅक्टेरियात न्यूक्लिओलस नाही, केंद्रकच नाही तर कुठला असणार. तिथंही १६एस, २३एस आणि ५एस एकाच लांब तुकड्यात लिहिले जातात आणि मग कापले जातात, फक्त सगळं उघड्यावर, लिहिता लिहिताच प्रोटीनं येऊन बसतात. १९६८ मध्ये नोमुरा यांच्या प्रयोगशाळेत एक झकास गोष्ट केली गेली, ई. कोलायच्या ३०एसचा आरएनए वेगळा काढला, सगळी प्रोटीनं वेगळी काढली, परत एका नळीत घातली, बरोबर मिठं आणि बरोबर तापमान दिलं, आणि चालू स्थितीतलं ३०एस परत तयार झालं. कुणी जोडणारा नाही. जोडणीची सगळी माहिती तुकड्यांतच होती. आपल्या सबयुनिटांना हे असं जमत नाही, यीस्टमध्येच जोडणीला दोनशेच्या वर मदतनीस प्रोटीनं लागतात, जी शेवटी रायबोसोममध्ये राहत नाहीत, काम झालं की निघून जातात. ७०एस आणि ८०एस मधला खरा फरक मला तरी इथं वाटतो, आकड्यात नाही.

तर, आपल्याकडं परत येऊ. तयार होत आलेली ४०एस आणि ६०एस वेगवेगळी केंद्रकाच्या भोकांतनं बाहेर पडतात. पण बाहेर आली म्हणजे कामाला लागली असं नाही. ६०एसच्या जोडायच्या तोंडावर इआयएफ-६ नावाचं एक प्रोटीन बसलेलं असतं, ते असेपर्यंत ४०एस चिकटूच शकत नाही. शेवटच्या टप्प्यात एसबीडीएस नावाचं प्रोटीन आणि त्याचा साथीदार येऊन हे ६०एस नीट झालंय का ते तपासतात आणि मगच ते झाकण निघतं. ज्या मुलांत एसबीडीएसची जीन बिघडलेली असते त्यांना श्वॅकमन-डायमंड सिंड्रोम होतो, पांढऱ्या पेशी कमी, स्वादुपिंडाची एन्झाइमं कमी. ६०एस बनलेलं असतं पण झाकण निघत नाही, म्हणून बिनकामाचं.

प्रयोगशाळेत हे कळतं कसं? तीच साखरेची नळी. पेशीतला सगळा माल त्यावर चालवला की वरनं खाली ओळीनं उंचवटे येतात, सुटं ४०एस, सुटं ६०एस, जोडलेलं ८०एस, आणि मग एकाच संदेशावर दोन, तीन, चार रायबोसोम बसलेल्या माळा. छोट्या सबयुनिटच्या बनण्यात खोट असली की ४०एसचा उंचवटा खाली जातो आणि सुटं ६०एस जोडीदाराविना पडून राहिल्यामुळं फुगतं. मोठ्यात खोट असली तर गंमत होते, ८०एस आणि माळांच्या प्रत्येक उंचवट्याच्या खांद्यावर एक छोटा उंचवटा येतो, कारण संदेशावर एक ४०एस येऊन बसलंय आणि ६०एसची वाट बघतंय. एक नजर टाकली की बिघाड कुठल्या भागात आहे ते कळतंय. एक सावधगिरी मात्र लागते, नळीत मॅग्नेशियम कमी पडलं तर चांगले रायबोसोमही सुटे होतात आणि नसलेला रोग दिसायला लागतो.

सायटोप्लाझममध्येही काम नसताना दोघं लांबच राहतात. ४०एसला काही प्रोटीनं धरून असतात, संदेश आला की ४०एस आधी एकटंच त्यावर चढतं, सुरुवातीचं एयूजी शोधत सरकत जातं, ते सापडलं की धरून ठेवणारी प्रोटीनं सुटतात आणि तेव्हा कुठं ६०एस येऊन बसतं. ८०एस तयार झाला. प्रोटीन पूर्ण झालं की परत दोघं सुटे, परत सामायिक साठ्यात. म्हणजे ८०एस ही कामावर असतानाची अवस्था आहे म्हणा.

आता फ्री आणि बाउंड. लिव्हरच्या पेशीत एकाच वेळी दोन प्रोटीनं बनतायत असं समजा, अल्ब्युमिन, जे रक्तात सोडायचंय, आणि फेरिटिन, जे लोखंड साठवायला पेशीतच ठेवायचंय. साठ्यातनं दोन ४०एस निघाली, एक अल्ब्युमिनच्या संदेशावर चढलं, एक फेरिटिनच्या. दोघांवर सारखीच ६०एस बसली. या क्षणी दोन्ही रायबोसोम फ्री आहेत आणि दोघांत काडीचाही फरक नाही.

अल्ब्युमिन सुरुवातीला ६०९ अमिनो आम्लांचं बनतं. त्यातली पहिली १८ म्हणजे पत्ता, त्याला सिग्नल पेप्टाइड म्हणतात, मधोमध पाण्याला नकोशी वाटणारी अमिनो आम्लं. पण हा पत्ता लगेच कुणाला दिसत नाही, कारण मोठ्या सबयुनिटमध्ये एक बोगदा आहे, नवी साखळी त्यातनंच बाहेर येते, आणि बोगद्यात तीस-चाळीस अमिनो आम्लं मावतात. तेव्हा साखळी साठीच्या आसपास पोचली की मग पत्ता पूर्ण बाहेर येतो. आपला रायबोसोम सेकंदाला साधारण पाच अमिनो आम्लं जोडतो असं धरलं तर सुरुवातीनंतर बारा-एक सेकंदांनी. बाहेर येताच एसआरपी नावाचं कण त्याला पकडतं, जोडणी थोपवून धरतं आणि अख्खा रायबोसोम, संदेशासकट, एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या पडद्यावर नेऊन लावतं. तिथं एक भोक असतं, बोगद्याचं तोंड त्यावर बसतं, एसआरपी सुटतं, आणि उरलेली साखळी बनता बनता थेट आत उतरते. १८ चा पत्ता आत कापून टाकला जातो. सगळं मिळून दोनेक मिनिटांचा खेळ. संपलं की दोन्ही सबयुनिट सुटी होऊन साठ्यात, आणि पुढच्या फेरीत तेच ४०एस फेरिटिनच्या संदेशावर चढू शकतं. फेरिटिनला असा पत्ताच नाही, म्हणून त्याचा रायबोसोम शेवटपर्यंत फ्रीच राहतो. रायबोसोमची स्वतःची ८० प्रोटीनं पण अशीच फ्री रायबोसोमवर बनतात, त्यातल्या बहुतेकांना केंद्रकात जायचं असतंय, रेटिक्युलममध्ये नाही.

हे नुसतं बोलणं नाही. ग्युंटर ब्लोबेल यांनी १९७५ मध्ये हे नळीत करून दाखवलं, कुत्र्याच्या स्वादुपिंडातला रेटिक्युलमचा पडदा, त्यावरचे रायबोसोम काढून टाकलेला, उंदराच्या ट्यूमरमधला अँटिबॉडीच्या साखळीचा संदेश, आणि रायबोसोमचे भाग दुसऱ्याच पेशींतनं आणलेले. तरीही साखळी पडद्याच्या आत गेली. म्हणजे बाउंड व्हायचं की नाही ते रायबोसोम ठरवतच नाही, संदेश ठरवतो. १९९९ चं नोबेल त्यांना या पत्त्याच्या कल्पनेसाठीच मिळालं. तेव्हा परीक्षेत फरकाचा तक्ता मागितला तर काढा, मार्क घ्या, पण पहिल्या ओळीत "रचना सारखीच" हे लिहायला विसरू नका.

राहिला ७०एस-८०एसचा तो फायदा, अँटिबायोटिकचा. जेंटामायसिन बॅक्टेरियाच्या छोट्या सबयुनिटमधल्या १६एसवर बसतं, जिथं संदेशाची अक्षरं तपासली जातात तिथंच, आणि मग रायबोसोम चुकीची अमिनो आम्लंही पास करायला लागतो. ते इतकं घट्ट बसतं त्यात १४०८ व्या जागेवरच्या ए या अक्षराचा मोठा वाटा आहे. आपल्या १८एसमध्ये त्याच जागी जी आहे, म्हणून आपल्या ८०एसला ते नीट धरता येत नाही. पूर्ण रायबोसोमची जात वगैरे सोडा, फरक येऊन थांबतो तो एका अक्षरावर.

आणि तो तिथंच पातळही होतो. आपल्या मायटोकाँड्रियात स्वतःचे रायबोसोम आहेत. पुस्तकात सरसकट ७०एस लिहितात, पण ते क्लोरोप्लास्टला चालतं, माणसाच्या मायटोकाँड्रियाचा रायबोसोम ५५एसचा आहे, २८एस आणि ३९एस अशा दोन सबयुनिटांचा, त्यात आरएनए कमी आणि प्रोटीनं जास्त. (इथलं २८एस हे सबयुनिट, मगाशी आलं ते २८एस आरएनए, गल्लत करू नका.) त्याच्या छोट्या सबयुनिटातल्या १२एस आरएनएमध्ये त्या १४०८ च्या जागी बॅक्टेरियासारखं ए-च आहे. तरी बहुतेकांना तेवढ्यानं फार धोका नसतो, कारण आजूबाजूची घडी वेगळी आहे. पण काही घराण्यांत १२एसच्या १५५५ व्या जागी ए ऐवजी जी झालेलं असतं, त्यानं समोरच्या सी-शी एक नवी जोडी जमते आणि ती जागा बॅक्टेरियाच्या रायबोसोमसारखी दिसायला लागते. अशा माणसाला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर नेहमीच्या डोसलाही कानाच्या आतल्या पेशी मरून कायमचं बहिरेपण येऊ शकतं. मायटोकाँड्रिया आईकडनं येतात, म्हणून घरात असं कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर आईकडच्या नात्यातली माहिती डॉक्टरांना आधी सांगावी, आजी, मावशी, मामा, मावशीची पोरं, सगळ्यांची.